गरोदरपणात क्रिएटिनचा डबा आणि क्रिएटिनिनचा रिपोर्ट

प्रश्न: दोन वर्षांपासून जिमला जाते, स्नायूंसाठी रोज 5 ग्रॅम क्रिएटिनची पावडर घेत होते. आता सात आठवड्यांची गरोदर आहे. ट्रेनर म्हणतो, नैसर्गिक गोष्ट आहे, चालू ठेवा. तुम्ही शाकाहारी आहात, तुम्हाला तर लागेलच. नवरा म्हणतो लगेच बंद कर. आत्तापर्यंत घेतलं त्याने बाळाला काही झालं असेल का? आणि नंतर अंगावर पाजताना घेतलं तर चालेल?

उत्तर:

डबा आजपासून बाजूला ठेवा आणि पुढच्या तपासणीला तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना त्याबद्दल सांगा. झोप उडवून घेण्यासारखं मात्र काही नाही. क्रिएटिनमुळे माणसाच्या गर्भाला इजा झाल्याचा पुरावा नाही. अडचण अशी की ते सुरक्षित असल्याचाही नाही. ट्रेनर यातलं पहिलंच वाक्य सांगतो.

मी आहारतज्ज्ञ आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत गरोदर बायकाच जास्त असतात. हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो, कारण गरोदरपणात क्रिएटिन चांगलं असतं असं सांगणारे व्हिडिओ फिरतात. ते अगदी हवेतून आलेले नाहीत. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाशी जोडलेले संशोधक बरीच वर्षं यावर काम करत आहेत. काटेरी केसांच्या एका जातीच्या गाभण उंदरांना त्यांनी खाण्यातून क्रिएटिन दिलं, तर जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडूनही पिल्लांचा मेंदू आणि इतर अवयव बऱ्यापैकी वाचले. निष्कर्ष आशादायक आहे. पण त्या उंदरांच्या आहारात 5 टक्के क्रिएटिन होतं, म्हणजे ते प्रमाण तुमच्या चमच्याशी जुळत नाही. शिवाय साध्या उंदीरवर्गीय प्राण्यांवरच्या दुसऱ्या एका प्रयोगात आईला क्रिएटिन दिल्यावर पिल्लांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या पेशींची वाढ आणि उत्तेजित होण्याची पद्धत बदललेली दिसली. ते चांगलं की वाईट, हे तेवढ्यावरून ठरत नाही. 2014 साली कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात गरोदर स्त्रियांवरच्या नियंत्रित चाचण्या शोधल्या, तेव्हा आढाव्यात घेण्याजोगी एकही सापडली नाही. आढावा लिहिणाऱ्यांत त्याच मेलबर्नच्या गटातले संशोधकही होते. ज्यांना या पदार्थाकडून सगळ्यात जास्त आशा आहे, त्यांनीच आधी चाचण्या हव्यात असं म्हटलंय.

‘नैसर्गिक आहे’ हे खरंच आहे. शरीर रोज साधारण 1 ग्रॅम क्रिएटिन स्वतः बनवतं आणि मांस-मासळी खाणाऱ्याला जवळपास तेवढंच जेवणातून मिळतं. कच्च्या मांस-मासळीत किलोमागे 4 ते 5 ग्रॅम असतं. म्हणजे तुमचा एक चमचा हा रोजच्या किलोभर मासळीइतका झाला. एवढं कुणी रोज खात नाही, गरोदर बाई तर नाहीच. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत साठा थोडा कमी असतो, तोही खरा. पण शाकाहारी बाई पावडर घेत नाही म्हणून बाळाला कमी पडतं, असं कुणी दाखवलेलं नाही.

आता ज्या कारणासाठी मी सर्वात जास्त अडून बसते, ते सांगते. क्रिएटिन शरीरात हळूहळू क्रिएटिनिनमध्ये बदलतं आणि मूत्रपिंड ते लघवीतून बाहेर टाकतं. रक्ततपासणीत मूत्रपिंडाचं काम याच क्रिएटिनिनवरून बघतात. गरोदरपणात मूत्रपिंडातून रक्त जास्त गाळलं जातं, त्यामुळे आकडा उतरतो आणि साधारण 0.4 ते 0.8 च्या आसपास राहतो. एरवी 1.0 आला तर कुणी लक्षही देत नाही, गरोदर बाईत तोच आकडा जास्त धरतात. प्रीएक्लॅम्पसिया म्हणजे रक्तदाब वाढून आई आणि बाळ दोघांना धोका होणारा आजार. त्यात क्रिएटिनिन 1.1 च्या वर जाणं किंवा आधीच्या दुप्पट होणं ही गंभीर खूण मानतात. आणि प्रयोगशाळेच्या कागदावर छापलेली नॉर्मल मर्यादा सहसा गरोदर नसलेल्या व्यक्तीची असते, हे लक्षात असू द्या.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंचं पहिल्या तिमाहीत क्रिएटिनिन 0.5 होतं. बत्तिसाव्या आठवड्यात 0.8 आलं आणि रक्तदाब 136/86. दोन्ही आकडे कागदावर लाल नव्हते, पण डॉक्टरांना वाढ खटकली. मग लघवीतलं प्रथिन, प्लेटलेट, यकृताच्या तपासण्या, सोनोग्राफी असं सगळं झालं आणि ते ठीक निघालं. आहाराची चौकशी करताना कळलं की बाई सकाळच्या स्मूदीत क्रिएटिन टाकत होत्या. ते ‘औषध’ नाही म्हणून त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. बंद केल्यावर काही आठवड्यांनी आकडा 0.6 वर आला. यात डॉक्टरांनी एक गोष्ट नीट केली: क्रिएटिनचं कळल्यावरही ‘त्यानेच वाढलं असेल’ म्हणून सोडून दिलं नाही, रक्तदाब आणि लघवी बघत राहिले. कारण उलट चूक जास्त महागात पडते. खरंच प्रीएक्लॅम्पसिया सुरू झाला असेल आणि सगळ्यांनी पावडरीवर बोट ठेवलं, तर वेळ जातो. डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, पोटात वरच्या बाजूला दुखणं, चेहऱ्यावर सूज यातलं काही झालं, तर पावडर घेत असा वा नसा, त्याच दिवशी दवाखान्यात जायचं.

बंद केल्यावर स्नायूंतला साठा ओसरायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेव्हा मधल्या काळात रक्त तपासलं तर ‘अमुक तारखेपर्यंत घेत होते’ एवढं डॉक्टरांना सांगा. डब्याच्या मागच्या बाजूचा फोटोही दाखवा. नुसतं क्रिएटिन असेल तर एक गोष्ट, पण प्री-वर्कआउट मिश्रण असेल तर त्यात कॅफिन आणि कधी अश्वगंधाही असते. गरोदरपणात चहा-कॉफी धरून कॅफिन दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात, आणि तेवढं तर काही पावडरींच्या एका मापातच संपतं. अश्वगंधा या काळात टाळायचीच असते.

अंगावर पाजण्याबद्दल: आईच्या दुधात क्रिएटिन मुळातच असतं, पण बाळाच्या गरजेचा तो छोटा भाग असतो, बाकीचं बाळ स्वतः बनवतं. आईने पावडर घेतल्यावर दुधात किती वाढतं आणि बाळावर काय परिणाम होतो, याची माहितीच जमलेली नाही. नवजात बाळाची मूत्रपिंडं अजून पक्व होत असतात आणि पहिल्या दिवसांत त्याच्या रक्तातलं क्रिएटिनिन आईचेच आकडे दाखवतं. त्यात दुधातून भर पडली तर बालरोगतज्ज्ञाला रिपोर्ट वाचणं अवघड जातं, विशेषतः बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर. म्हणून पाजणं सुरू आहे तोवर स्वतःहून सुरू करू नका. व्यायाम सुरू करायला पावडर लागत नाही, डॉक्टरांची परवानगी लागते.

एक अपवाद सांगायला हवा. काही दुर्मीळ जन्मजात आजारांत शरीराला क्रिएटिन बनवताच येत नाही आणि डॉक्टरच ते औषध म्हणून देतात. अशा बाईने माझं उत्तर वाचून गोळी थांबवू नये, आधी ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारावं. उलट, आधीच मूत्रपिंडाचा त्रास, उच्च रक्तदाब किंवा मागच्या खेपेला प्रीएक्लॅम्पसिया झाला असेल, तर डॉक्टरांना भेटायला पुढच्या तारखेची वाट बघू नका, फोन करून सांगा.