दोन ओळींचं ईमेल उत्तर तुटक वाटू नये म्हणून काय करावं?

प्रश्न: चाकणच्या ग्राहकाने मंगळवारी माल मागितला. मी लिहिलं, "मंगळवारी जमणार नाही. शुक्रवारी पाठवतो." साहेब म्हणतात, फार तुटक आहे. पाल्हाळ न लावता कसं लिहू?

उत्तर: तुमचा मेल खटकतो तो आखूड आहे म्हणून नाही. नकार आधी आलाय, कारण नाही, आणि समोरच्याची लाइन अडली तर काय, याचा विचार दिसत नाही. एवढंच भरा:

"नमस्कार सर,
ब्रॅकेटची ऑर्डर शुक्रवारी दुपारपर्यंत चाकणला पोहोचेल. प्लेटिंगचा माल गुरुवारी हातात येतोय, म्हणून मंगळवार जमत नाही. तुमची लाइन अडणार असेल तर तयार असलेले २०० नग मंगळवारी पाठवू. सोमवारी ११ पर्यंत कळवा."

मिळणारी तारीख वर गेली की तोच नकार मऊ होतो. कारण एका वाक्याचं पुरे. प्लेटिंगवाल्याकडे वीज गेली होती वगैरे सांगू नका, ती सबब वाटते. पर्याय मात्र खरा हवा. २०० नग तयार नसतील तर ते वाक्यच गाळा.

"आपला मेल मिळाला" आणि "काही शंका असल्यास निःसंकोच संपर्क साधावा" ही भरताड. वाक्य खोडून बघा: वाचणाऱ्याला काहीच कमी पडलं नाही, तर ते नको होतं. मंगळवार तुम्हीच कबूल केला असेल, तर "मंगळवारचा शब्द पाळता आला नाही, क्षमस्व" हे एकदाच, कारणाच्या आधी.

आणि कोणी नुसतं "ड्रॉइंग मिळालं का?" विचारलं, तर "हो, मिळालं. धन्यवाद." इतकंच लिहा.