पाया पडण्याआधी ओळख सांगा

प्रश्न: मी २४ वर्षांचा आहे, जन्म आणि शिक्षण मुंबईत. यंदा जत्रेला पहिल्यांदाच वडिलांच्या गावी (माण तालुका, जि. सातारा) जाणार आहे. आजोबा आता नाहीत, पण त्यांचे थोरले भाऊ आहेत, वय नव्वदीच्या आसपास. त्यांना कधीच भेटलेलो नाही. समोर गेल्यावर नेमकं काय करायचं, काय बोलायचं?

उत्तर:

पाया कसं पडायचं ते तुम्हाला येतच असणार. खरं महत्त्वाचं आहे ते त्याच्या आधीचं अर्धं मिनिट. मी माणदेशातच वाढलो आणि आजही गावातच राहतो. दर जत्रेला एक प्रकार हमखास बघायला मिळतो. मुंबईचं पोरगं घाईनं सोप्यात येतं, म्हाताऱ्या माणसाच्या पायाला हात लावतं, फोटो काढतं आणि आत चहाला जातं. आजोबा "औक्षवंत हो" म्हणतात, आणि पोरगं आत गेलं की शेजारच्याला हळूच विचारतात, "कोन हुतं रं?" पोराचा नमस्कार झाला, पण आजोबांची भेट झालीच नाही.

म्हणून आधी ओळख द्या. तीही तुमच्या नावापासून नको. तुमचं नाव त्यांनी ऐकलेलं असेलच असं नाही, आणि हल्लीची नावं त्या वयात कानाला पटकन लागत नाहीत. सुरुवात त्यांना ठाऊक असलेल्या माणसापासून करा. "आबा, मी मुंबईचा. तुमच्या धाकट्या भावाचा नातू." एवढं म्हणून थांबा. मग वडिलांचं नाव सांगा, तेही गावात ज्या नावानं हाक मारतात ते. शाळेच्या दाखल्यावरचं नाव गावात कुणाच्या तोंडी नसतं. बापू, दाजी, नाना अशी घरची नावं असतात. तुमचं स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी.

आमच्याकडे घरांनाही अशीच ओळख असते: मळ्यातले, वरच्या आळीचे, थोरल्या घरचे. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी माणसं मुंबईला गिरण्यांत होती. १९८२ च्या संपानंतर काहीजण गावी परतले, काही तिथेच राहिले, पण गावानं त्या घराला 'गिरणीवाले' म्हणायचं सोडलं नाही. तुमच्या आजोबांना गावात काय म्हणायचे ते वडिलांना आजच विचारून ठेवा. तो एक शब्द म्हाताऱ्याच्या कानावर पडला की तुम्ही कुठल्या फांदीचे ते त्यांना लगेच कळतं. त्यांच्या डोक्यात अख्ख्या भावकीची वंशावळ पाठ असते, तुम्ही फक्त आपली जागा दाखवून द्यायची.

आता उभं कुठं राहायचं. हे कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माणदेशातली जुनी घरं जाड भिंतींची, खिडक्या लहान. आजोबा बहुतेक सोप्यात घोंगड्यावर किंवा बाजल्यावर दाराकडे तोंड करून बसलेले असतात, म्हणजे येणारं-जाणारं दिसतं. तुम्ही उन्हातून आत येता तेव्हा उजेड तुमच्या पाठीमागून येतो, आणि मोतीबिंदूच्या डोळ्यांना दारात नुसती काळी आकृती दिसते. तिथूनच बोलायला लागलात तर ते डोळ्यांवर हात धरून बघत बसतील. दोन पावलं आत या, बाजूला व्हा, म्हणजे उजेड तुमच्या तोंडावर पडेल. मग त्यांच्यासमोर उकिडवे बसा किंवा गुडघे टेका आणि त्यांच्या तोंडासमोर, ठाय लयीत बोला. कानात ओरडू नका. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला ओरडण्यापेक्षा हलणारे ओठ दिसले तर जास्त समजतं. टोपी, गॉगल, इअरफोन सगळं बाहेरच काढून ठेवा.

एक-दोन क्षण ते नुसतं बघतील. ती शांतता भरून काढायला जाऊ नका, ते हिशेब लावत असतात. मग "धाकल्याचा नातू व्हय!" असं काहीतरी येईल, आणि बहुतेक लगेच, "बा आला न्हाई?" आता वाका. दोन्ही हातांनी पायाला स्पर्श करा, मग हात कपाळाला लावा. मांडी घालून बसले असतील आणि पाय दिसत नसतील तर गुडघ्याला हात लावलात तरी चालतं, पाय ओढून काढायला लावू नका. ते डोक्यावर किंवा पाठीवर हात ठेवतील. तो हात उचलेपर्यंत वाकलेलेच राहा. शहरातल्या नमस्कारात माणूस स्प्रिंगसारखा वर येतो, आणि म्हाताऱ्याचा आशीर्वादाचा हात हवेत राहतो.

एक गोष्ट कटाक्षानं पाळा. ते आडवे झालेले असतील तर पाया पडू नका. झोपलेल्याच्या पाया पडत नाहीत, तसा नमस्कार मयताला करतात, आणि जुन्या माणसांना ते फार लागतं. जवळ बसा, ओळख सांगा, हात हातात घ्या. उठून बसले तर मग पाया पडा. जेवत असतील किंवा पूजेला बसले असतील तरी थांबा. आणि उंबऱ्याच्या अलीकडून पलीकडे नमस्कार नको, आधी आत या.

घरात आजी असतील तर त्यांच्याही पाया पडा, आणि तिथं एका गोष्टीची तयारी ठेवा. त्या दोन्ही तळवे तुमच्या गालांवरून खाली फिरवतील आणि मग स्वतःच्या कानशिलावर बोटं कडाकडा मोडतील. ह्याला आलाबला घेणं म्हणतात. तुमच्यावरची इडापिडा त्या स्वतःवर घेत असतात. शहरातली पोरं अनोळखी हात तोंडाजवळ आला की दचकून मान मागे घेतात. तुम्ही मान तशीच राहू द्या. त्या म्हातारीनं तुमच्या वडिलांची आलाबला अशीच घेतलेली असते.

गावात पोचल्यापासूनचा क्रम असा ठेवा. वाटेत देऊळ लागलं तर गावदेवाला आधी हात जोडून या, कारण "देवाला जाऊन आलास का?" हे विचारलं जाणारच. घरी आल्यावर चपला सोप्याच्या खाली, मग पाय धुवायला पाणी मिळेल, ते घ्या. देव्हाऱ्याला नमस्कार, मग घरातलं सगळ्यात थोरलं माणूस, मग बाकीचे. पेढे नेले असतील तर पुडा थेट आजोबांच्या हातात न देता घरातल्या बाईकडे द्या, ती देवापुढे ठेवून मग वाटेल. गूळ-पाणी किंवा चहा आला तर नाही म्हणू नका. नको असेल तर "अर्धाच द्या" म्हणा, पण घ्या. आजोबांच्या बाजल्यावर आपणहून बसू नका. खाली घोंगड्यावर बसा, त्यांनी "वर ये" म्हटलं तर पायथ्याकडे बसा, उशाकडे नको.

हाक काय मारायची? तुमचे वडील त्यांना जे म्हणतात तेच. वडील 'तात्या' म्हणत असतील तर तुमच्यासाठीही तात्याच. सोबत 'तुम्ही' आणि 'अहो'. ते तुम्हाला 'तू' आणि 'रं' म्हणतील, त्यात सगळी माया आहे. भावकीत वयापेक्षा पिढी बघतात हेही लक्षात ठेवा. तुमच्याहून दोन वर्षांनी लहान असलेला मुलगा नात्यानं चुलता निघू शकतो. त्याच्या पाया पडायला कुणी लावणार नाही, पण हाक मारताना 'काका' म्हटलंत तर म्हातारी माणसं सुखावतात.

पुढचे प्रश्न ठरलेले असतात. आईचं माहेर कुठलं, आजीचं माहेर कुठलं, कुलदैवताला कधी गेला होतास. ही चौकशी ओळख लावण्यासाठीच असते: आईकडून तुम्ही कुणाचे लागता ते त्यांना लावून बघायचं असतं. गावाबरोबर तालुकाही सांगा. शिंगणापूरच्या महादेवाला किंवा म्हसवडच्या सिद्धनाथाला कधी गेला असाल तर ते जरूर सांगा, त्यावर अर्धा तास बोलणं होईल. नोकरीबद्दल विचारलं तर कंपनीचं नाव सांगून उपयोग नाही. काम काय करता ते एका वाक्यात सांगा. मग तुम्ही विचारा: माझे आजोबा लहानपणी कसे होते? सख्ख्या भावाची हकीकत सांगणारं त्यांच्याइतकं दुसरं कुणी आता उरलेलं नसेल. ते बोलायला लागले की मोबाईल खिशातच असू द्या. फोटो निघताना घरच्यांना विचारून काढा.

आजोबा माळकरी असतील, गळ्यात तुळशीची माळ आणि कपाळाला बुक्का असेल, तर आणखी एक होऊ शकतं. तुम्ही पाया पडलात की ते "माउली" म्हणत उलटे तुमच्या पायाकडे वाकतील. वारकरी समोरच्यात पांडुरंग बघतो, तिथं लहान-थोर नसतं. संकोचानं त्यांचे हात झटकू नका. तुम्हीही हात जोडून "राम कृष्ण हरी" म्हणा. वाटेत भेटणाऱ्या बाकीच्यांना "रामराम" पुरतो. बौद्ध वस्तीतल्या म्हाताऱ्यांना "जय भीम" म्हटलंत तर त्यांनाही आपलं वाटेल.

निघताना पुन्हा पाया पडा आणि "येतो" म्हणा. "जातो" म्हणू नका. बहुतेक ते हातात एखादी नोट कोंबतील. तुमचा पगार त्यांच्या पेन्शनच्या कितीतरी पट असला तरी परत करू नका. कपाळाला लावा आणि खिशात ठेवा.

शेवटचं एक, निघायच्या आदल्या दिवशी गावी फोन करून विचारा की भावकीत कुठे सुतक नाही ना. जत्रेच्या दिवसांतही कुणाचा मृत्यू होऊ शकतो. सुतक असेल तर दहा दिवस पाया पडत नाहीत, पेढे नेत नाहीत, आणि त्या घरातून निघताना "येतो"सुद्धा म्हणत नाहीत. अशा वेळी गप्प जवळ बसायचं आणि तसंच उठून यायचं. पाया पडायला नंतर पुन्हा जा.