रेषा टोकदार दिसली म्हणजे आकडीच का?

"माझी मुलगी आठ वर्षांची आहे. वर्गात लिहिता लिहिता मध्येच थिजते, काही सेकंदांनी पुन्हा लिहायला लागते. मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, म्हणजे ईईजी काढला, अहवालात 'स्पाइक अँड वेव्ह' असं आलंय. पण मला मिळालेल्या तीनही पानांवर वरपासून खालपर्यंत नुसत्या टोकदार रेषाच आहेत. तिच्या मेंदूत सतत आकडीच चालू असते का? यातलं चांगलं कुठलं आणि बिघडलेलं कुठलं, ते कसं ओळखायचं?"

आईने आणलेली तीन पानं टेबलावर शेजारी शेजारी मांडली. पहिलं मुलगी डोळे मिटून शांत पडली होती तेव्हाचं. दुसरं जोरजोरात श्वास घ्यायला लावल्यानंतर दुसऱ्या मिनिटातलं, आणि तिसरं त्याच्या पुढच्या अर्ध्या मिनिटातलं. आईने सर्वांत जास्त धास्ती घेतली होती ती पहिल्या पानाची, कारण त्यावर रेषा सगळ्यांत दाट होत्या. नेमकं तेच पान पूर्ण निरोगी होतं.

रेषांच्या आधी पानावरच्या उभ्या फिकट खुणा शोधायच्या. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे एक सेकंद, आणि बहुधा एका पानात १० सेकंद मावतात. मूळ नोंद सेकंदाला ३० मिलिमीटर या वेगाची धरतात, पण छापताना पान आकसतं. म्हणून फूटपट्टी लावून उपयोग नाही, दोन खुणांमधल्या लाटाच मोजायच्या.

पहिल्या पानावर डावीकडे लिहिलेली नावं वाचत `P3-O1` आणि `P4-O2` या ओळींवर यायचं. `O` म्हणजे डोक्याचा मागचा भाग. मेंदूची विश्रांतीची लय, म्हणजे अल्फा, इथे सर्वांत ठळक असते. आईने स्वतः बोट ठेवून मोजलं: एका सेकंदात ९ लाटा. पुढच्या सेकंदातही ९. आठ वर्षांच्या मुलीला ही गती अगदी योग्य आहे. लाटांची उंची हळूहळू वाढते, मग कमी होते, एखादी तार छेडून सोडावी तशी. सहाव्या सेकंदाला तंत्रज्ञाने 'डोळे उघडले' अशी नोंद केली होती, आणि त्या खुणेच्या लगेच पुढे मागच्या ओळी जवळजवळ सपाट झाल्या होत्या. डोळे मिटल्यावर लय परत आली. अल्फाची ही सर्वांत सोपी परीक्षा. डोळे उघडताच जी लय विरते आणि मिटताच परत येते, ती तिच्या जागी व्यवस्थित काम करते आहे.

या वयात एक गोष्ट मात्र फसवते. साधारण ८ ते १४ वर्षांच्या मुलांत मागच्या भागातल्या अल्फामध्ये अधूनमधून एखादी रुंद, संथ लाट मिसळलेली असते आणि तिच्या पाठीवर अल्फाचं टोक बसलेलं असतं. सुटा तुकडा पाहिला तर ते हुबेहूब अहवालातलं 'स्पाइक अँड वेव्ह', म्हणजे 'टोक आणि लाट' वाटतं. पण डोळे उघडले की अल्फाबरोबर तीही जाते. पहिल्या पानावर अशा दोन लाटा होत्या, आणि आईने पेन्सिलीने गोल केला होता तो त्यांच्याभोवतीच.

दुसरं पान खरं अवघड. जोराने श्वास घेतल्यावर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि मुलांच्या ईईजीत मोठ्या संथ लाटा उसळतात. त्यांचा वेगही कधीकधी सेकंदाला ३ असतो, म्हणजे आकडीच्या लाटांइतकाच. नुसता वेग मोजून इथे निवाडा होत नाही. दुसऱ्या पानावर लाटा हळूहळू चढत गेल्या होत्या. कुठल्या सेकंदाला सुरुवात झाली ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं. लाटांवर बारीक खाचा होत्या, पण एका लाटेवर चढणीला, दुसरीवर माथ्यावर, तिसरीवर मुळीच नाही. संथ लाटेवर स्वार झालेली ती वेगळी लय होती. हे पानही निरोगीच. श्वास नेहमीसारखा झाला की असा उसळा बहुधा मिनिटभरात ओसरतो.

आता तिसरं पान. पहिल्या सेकंदाच्या अखेरीस वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळी एकाच क्षणी उसळल्या, दार धाडकन उघडावं तशा. जवळून पाहिलं तर प्रत्येक घटकाचे दोन भाग दिसतात: आधी अरुंद, उभं टोक आणि त्याला चिकटून गोल, रुंद लाट. टोक, लाट, टोक, लाट. टोक प्रत्येक वेळी लाटेच्या आधी, त्याच जागी. खऱ्या स्पाइकची रुंदी २० ते ७० मिलिसेकंद असते, म्हणजे दोन उभ्या खुणांमधल्या अंतराच्या चौदाव्या भागाहूनही कमी. उंची कपाळाकडच्या ओळींत सर्वांत जास्त. अल्फाचं राज्य मागे, याचं पुढे. या उसळीच्या पहिल्या सेकंदात जवळपास ४ घटक होते, मग ३, आणि शेवटाकडे ३ पेक्षाही थोडे कमी. झटका संपत येताना असा किंचित मंदावतो. नवव्या सेकंदाला सगळं एकदम थांबलं आणि लगेच पुढे जुनी लय सुरू झाली, मध्ये काही घडलंच नाही अशी.

आईची एक शंका अगदी रास्त होती: "पहिल्या पानापेक्षा या लाटा अडीच पटच उंच आहेत. मग इतका फरक कसा?" उत्तर पानाच्या कोपऱ्यात होतं. पहिल्या पानावर `7 µV/mm` होतं, म्हणजे एका मिलिमीटर उंचीमागे ७ मायक्रोव्होल्ट, आणि तिसऱ्यावर `15 µV/mm`. लाटा एकमेकींवर चढू नयेत म्हणून तंत्रज्ञाने उंची निम्म्याहून कमी करून छापली होती. खरा फरक पाचपटीच्या वर होता. हा आकडा न पाहता दोन पानांची उंची ताडून पाहिली की हमखास चूक होते.

एवढं झालं तरी तुकड्यावरून निदान ठरत नाही. पेंगुळलेल्या मुलांमध्येही ३ ते ५ च्या वेगाने मोठ्या लाटांचे झोत येतात, त्यांत बारीक टोकं मिसळलेली असू शकतात, आणि तेही एकदम सुरू होतात. मुलगी जागी होती की गुंगीत, हे आधीच्या पानांवरूनच कळतं. म्हणून निर्णय मेंदूविकारतज्ज्ञांचा, आणि तोही पूर्ण नोंद, व्हिडिओ आणि वर्गातल्या प्रसंगांचं वर्णन एकत्र पाहून. डॉक्टरांना विचारायला आईला तीन प्रश्न लिहून दिले: असे झोत एकूण किती आले, सर्वांत लांब किती सेकंदांचा, आणि त्या वेळी मुलगी काय करत होती.

तिसऱ्याचं अर्धं उत्तर पानांवरच होतं. तंत्रज्ञाने परीक्षेसाठी मुलीला मध्येच शब्द सांगितले होते आणि तिथे खुणा केल्या होत्या. दुसऱ्या पानावरच्या उसळीत 'निळा' सांगितला, तो तिने नंतर बरोबर सांगितला. तिसऱ्या पानावर चौथ्या सेकंदाला, टोक-लाटांच्या ऐन मध्ये, 'खिडकी' सांगितला. शेजारी नोंद होती: जोराने श्वास घेणं थांबवलं, पापण्या फडफडल्या. आणि नवव्या सेकंदानंतर: 'शब्द आठवत नाही, सांगितलाच नाही म्हणते.'