स्वायत्त मध्यवर्ती बँक आणि कमी महागाई: निबंधात पुरावा कसा मांडावा

प्रश्न: "मी नागपूर विद्यापीठात एमए अर्थशास्त्राला आहे. 'मध्यवर्ती बँकेची स्वायत्तता आणि सरासरी महागाई यांचा संबंध पुराव्यानिशी स्पष्ट करा' असा निबंधप्रश्न येतो. माझ्याकडे फक्त अ‍ॅलेसिना-समर्सचा आलेख आहे. तेवढ्यावर भागेल का?"

सुरुवात त्याच आलेखाने करा, पण तिथेच थांबू नका. बहुतेक उत्तरं तिथेच थांबतात आणि परीक्षकाच्या हाती फक्त एक सहसंबंध राहतो.

आधी आलेखात काय आहे ते नीट सांगा. अल्बर्टो अ‍ॅलेसिना आणि लॉरेन्स समर्स यांनी 1993 मध्ये 16 विकसित देश घेतले आणि 1955 ते 1988 या काळातली त्यांची सरासरी महागाई स्वायत्ततेच्या गुणांसमोर मांडली. जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांना सर्वाधिक, म्हणजे 4 गुण, आणि दोघांची महागाई 3 टक्क्यांच्या आसपास. दुसऱ्या टोकाला न्यूझीलंडला 1 आणि स्पेनला 1.5 गुण; त्यांची महागाई अनुक्रमे साडेसात आणि साडेआठ टक्क्यांच्या आसपास. याच लेखातला दुसरा निष्कर्ष विद्यार्थी हमखास विसरतात: स्वायत्ततेचा विकासदराशी किंवा बेरोजगारीशी असा काही ठळक संबंध दिसला नाही. म्हणजे महागाई कमी राखणाऱ्या देशांनी त्यासाठी विकास गमावल्याचं या आकड्यांत दिसत नाही. हे वाक्य उत्तरात असलंच पाहिजे.

हे गुण येतात कुठून, तेही लिहा. गव्हर्नरची नेमणूक कोण करतं, त्याची मुदत किती, संचालक मंडळावर सरकारचा माणूस बसतो का, सरकारला बँकेकडून सहज कर्ज मिळतं का, असे प्रश्न कायद्याला विचारून ते काढलेले आहेत. थोडक्यात, मोजमाप कायद्याच्या मजकुराचं आहे. पुढचा सगळा वाद इथूनच सुरू होतो.

पहिली हरकत अ‍ॅडम पोझेन यांची. त्यांचं म्हणणं असं की काही देशांतल्या वित्तक्षेत्राला महागाई मुळातच नको असते आणि राजकारणात त्याचं वजनही असतं. असे देश स्वायत्त बँक उभी करतात आणि महागाईही कमी ठेवतात. मग कायदा हे कारण नसून त्याच आवडीचं दुसरं फळ ठरतं. जर्मनीचा विचार करा. 1923 ची प्रचंड भाववाढ ज्या समाजाने भोगली, त्याने बुंडेसबँकेला अधिकार दिले यात नवल नाही. पण तो समाज तसाही महागाईविरोधीच होता. 16 देशांच्या सरासरीतून या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

त्या वेगळ्या करायच्या तर समाज तोच, सरकार तेच, उद्दिष्टही तेच आणि फक्त अधिकार बदलला, असा प्रसंग हवा. माझ्या मते असा सर्वांत उपयोगी प्रसंग ब्रिटनचा आहे. तिथे महागाईचं जाहीर लक्ष्य 1992 पासून होतं, पण व्याजदर अर्थमंत्री ठरवत असे. 1 मे 1997 ला मजूर पक्ष निवडून आला आणि 6 मे रोजी गॉर्डन ब्राउन यांनी व्याजदर ठरवण्याचा अधिकार बँक ऑफ इंग्लंडला देत असल्याचं जाहीर केलं. बाजाराला याची कल्पना नव्हती. ब्रिटनमध्ये साधे सरकारी रोखे आणि महागाईशी जोडलेले रोखे असे दोन्ही विकले जातात. दोघांच्या परताव्यातला फरक म्हणजे गुंतवणूकदारांना पुढे अपेक्षित असलेली महागाई, असं ढोबळमानाने धरतात. घोषणेनंतर दीर्घ मुदतीच्या रोख्यांत हा फरक सुमारे अर्ध्या टक्क्याने कमी झाला. चार-पाच दिवसांत ब्रिटिश समाजाची आवडनिवड बदलत नाही. बदलला तो निर्णय घेणारा. या फरकात जोखमीचा मोबदलाही मिसळलेला असतो, म्हणून अर्धा टक्का हा नेमका आकडा समजू नका. दिशा मात्र स्पष्ट आहे.

सिद्धांत इथेच जोडा, सुरुवातीला नाही. किडलंड आणि प्रेस्कॉट यांनी 1977 मध्ये दाखवलं की सरकारने आज दिलेलं कमी महागाईचं वचन उद्या मोडणं त्याच्या फायद्याचं असतं. लोकांना हे कळतं, म्हणून ते पगार आणि किमती आधीच वाढवून ठरवतात. रोगॉफ यांनी 1985 मध्ये सुचवलं की निर्णय अशा माणसाकडे द्या, ज्याला समाजापेक्षाही महागाईची चीड जास्त आहे. 1997 मधली रोखेबाजाराची प्रतिक्रिया या युक्तिवादाशी जुळते.

आता विकसनशील देश, जिथे परीक्षक तुमची खरी परीक्षा घेतो. कुकिअरमन, वेब आणि नेयाप्ती यांनी 1992 मध्ये 72 देश तपासले. विकसित देशांत कायद्यातली स्वायत्तता आणि कमी महागाई यांचा संबंध दिसला. विकसनशील देशांत दिसला नाही. तिथे उपयोगी पडला एक साधा आकडा: गव्हर्नर वर्षाला सरासरी किती वेळा बदलतो. हा दर वर्षाला पाव किंवा त्याहून जास्त झाला की गव्हर्नरची सरासरी मुदत चार वर्षांवर किंवा त्याखाली येते, म्हणजे साधारण एका निवडणूक-चक्राइतकी. मग तो पुढच्या सरकारपर्यंत टिकेल याची खात्री उरत नाही.

तुर्कस्तानवर हे मोजून दाखवा. 2001 च्या संकटानंतर तिथे कायदा बदलला, भावस्थैर्य हे बँकेचं मुख्य उद्दिष्ट झालं, सरकारला थेट कर्ज देणं बंद झालं. महागाई 2001 मध्ये 70 टक्क्यांच्या जवळ होती, 2004 मध्ये एकेरी आकड्यात आली. उद्दिष्टाचं कलम पुढेही तसंच राहिलं. पण जुलै 2019, नोव्हेंबर 2020 आणि मार्च 2021 मध्ये गव्हर्नर हटवले गेले, आणि जून 2023 मध्ये पुन्हा नवा आला. चार वर्षांत चार बदल, म्हणजे दर जवळपास 1. मार्च 2021 मध्ये हटवलेल्या नाजी आअबाल यांनी काही दिवस आधीच व्याजदर 19 टक्क्यांवर नेला होता. वर्षअखेर तो 14 वर आणला गेला आणि ऑक्टोबर 2022 मध्ये महागाई 85 टक्क्यांवर गेली. युक्रेन युद्धामुळे ऊर्जा महागली होती हेही लिहा, पण तो धक्का इतर देशांनाही बसला होता आणि त्यांपैकी बहुतेकांची महागाई या पातळीच्या आसपासही गेली नाही.

या मोजमापाची मर्यादा एका वाक्यात तरी सांगा: सरकारचं सगळं ऐकणारा गव्हर्नर वर्षानुवर्षं टिकतो, आणि त्याचाही दर कमीच दिसतो. म्हणून जास्त दर हे परावलंबित्वाचं लक्षण मानता येतं, पण कमी दर हा स्वायत्ततेचा दाखला होत नाही.

भारताला शेवटी एक परिच्छेद पुरे. आपले विद्यार्थी संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेसमोरून रोज जातात, पण उत्तरात फक्त 2016 ची पतधोरण समिती आणि 4 टक्क्यांचं लक्ष्य लिहितात. माझ्या मते त्याहून मोठी पायरी 1997 ची आहे. अ‍ॅड-हॉक ट्रेझरी बिलांमधून सरकारची तूट आपोआप रिझर्व्ह बँकेच्या माथी येत असे. एप्रिल 1997 पासून ती सोय बंद झाली. नंतर 2022 मध्ये सलग तीन तिमाही महागाई 6 टक्क्यांच्या वर राहिली, तेव्हा कायद्यानुसार बँकेला सरकारला कारणं कळवावी लागली. स्वायत्ततेसोबत उत्तरदायित्व कसं येतं त्याचं हे उदाहरण. आणि रिझर्व्ह बँक कायद्याचं कलम 7 विसरू नका. सार्वजनिक हितासाठी गव्हर्नरशी सल्लामसलत करून बँकेला निर्देश देण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आजही आहे, त्यामुळे भारताला जर्मनीच्या रांगेत बसवणारं वाक्य लिहू नका.