आजीच्या पुस्तिकेतल्या ओळींबद्दल

तुझं पत्र दोनदा वाचलं. आजी गेल्यापासून तुमच्या घरात काय चाललं असेल त्याची कल्पना आहे मला, त्यात तेराव्याच्या संध्याकाळी प्रार्थना सभा, आणि दारात प्रत्येकाच्या हातात द्यायच्या पुस्तिकेतल्या ओळी तू लिहायच्या असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. दिवस कमी आहेत म्हणून सरळ मुद्द्यावर येते.

तू पाठवलेल्या ओळी, "आजी तू होतीस मायेचा सागर, तुझ्याविना सुनं झालं सारं घर", खऱ्या आहेत. पण या ओळीतून तुझी आजी काढून शेजारच्यांची आजी ठेवली तरी काही बिघडत नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे. मी वीस वर्षं डीटीपीचं काम केलं, छापखान्यात अशा तयार कवितांची एक फाइलच असते, नाव बदलायचं की झालं. सभेला आलेले लोक ती ओळ वाचतात आणि पान उलटतात. पण त्याच पत्रात खाली तू सहज लिहिलंयस की आजी पदराच्या गाठीत नाणी बांधून ठेवायची आणि जत्रेत सोडून द्यायची, चष्म्याची काडी तुटली तर दोऱ्याने बांधून पेपर वाचायची, आणि घरातून निघताना कुणी "जाते" म्हटलं की रागवायची, "येते म्हण". बाई गं, कविता तर इथे आहे! गुणांची यादी बाजूला ठेव आणि या तीनच गोष्टी घे.

आता साचा. मुक्तछंद नको, कारण सभेत हे कुणीतरी मोठ्याने म्हणणार आहे आणि मुक्तछंद म्हणताना नवखा माणूस अडखळतो. मोठ्या अभंगाचा साचा घे. चार चरण, पहिल्या तिघांत सहा सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं. इथे मात्रा मोजायच्या नाहीत, अक्षरं मोजायची, ऱ्हस्व दीर्घ दोन्ही एकच धरायचं, आणि जोडाक्षरसुद्धा एकच. म्हणजे "चष्म्याची" हे च, ष्म्या, ची असं तीन अक्षरांचं. बोटांवर मोज, आणि मग तुमच्याकडे भजनी मंडळ जी चाल म्हणतं त्या चालीत गुणगुणून बघ. एखादं अक्षर जास्त झालं तर चालीत जिभेला लगेच कळतं, कागदावर नाही कळत. (एखादं अक्षर कमीजास्त संतांच्या अभंगांतही सापडतं, गाताना ओढून घेतात, म्हणून त्यासाठी चांगला शब्द मारू नकोस.)

तुझ्याच पत्रातलं घेऊन मी करून बघितलं, कसं जमतं ते दाखवायला:

पदराच्या गाठी । नाणी बांधलेली ।
जत्रेत दिलेली । माझ्या हाती ॥

चष्म्याची ती काडी । दोऱ्याने बांधून ।
पेपर वाचून । निजे आजी ॥

जाते म्हणू नये । येते असे म्हण ।
तिची आठवण । उंबऱ्यात ॥

बघ, यात कुठेही प्रेमळ, माया, सागर नाही, तरी गाठ सोडणारे हात दिसतात. तिसरं कडवं मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण ते सगळ्यांना लागू होतं, सभेतल्या प्रत्येकाला तिने कधी ना कधी असं टोकलं असणारच. पहिलं कडवं नातवंडाचं आहे, ते तुझं. हवं तर मधे आत्याकडून किंवा काकांकडून एक गोष्ट मागून चौथं कडवं कर, पण त्यांना "आजीबद्दल काहीतरी सांगा" असं विचारू नकोस, मग ते फक्त प्रेमळ होती एवढंच सांगतात. "ती तुमच्यावर शेवटचं कधी रागावली" असं विचार, मग बघ. पाच कडव्यांच्या वर मात्र जाऊ नकोस, उभ्या माणसाला म्हणता आलं पाहिजे आणि रडू आलं तरी शेवटपर्यंत पोचता आलं पाहिजे. आणि हे माझे शब्द तसेच छापू नकोस, तुझे कर, तुमच्या घरात "निजे" म्हणत नसतील तर ते काढ.

आता छपाई, कारण इथेच सगळं बिघडतं. आठ पानांची पुस्तिका कर, ए फोर कागद मधे दुमडून ए फाइव्ह होतो आणि मधे पिन मारतात, म्हणून पानं चारच्या पटीतच येतात, सात पानांचा मजकूर दिलास तर आठवं कोरं राहील. ओळी मधल्या पसरलेल्या दोन पानांवर घे, पुस्तिका उघडली की तीच समोर येते. अक्षर सोळा पॉइंटच्या खाली नको, निम्मे लोक चष्मा न लावता आलेले असतात आणि हॉलमध्ये उजेड कमी असतो.

सगळ्यात जास्त भीती फॉण्टची. तू मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करणार आणि छापखान्यातले बरेच जण अजून श्रीलिपीसारखे जुने फॉण्ट वापरतात, मग मजकूर कन्व्हर्ट करताना काही अक्षरं फुटतात. माझ्या आईच्या पुस्तिकेत असंच झालं, "उंबऱ्यात" चं "उंबर्यात" झालं, म्हणजे ऱ्याच्या जागी रफार येऊन य वर बसला, आणि दीडशे प्रती वाटून झाल्यावर ते मला दिसलं. अजून ती पुस्तिका मी उघडत नाही. तुझ्या ओळींमध्ये "दोऱ्याने" आणि "उंबऱ्यात" दोन्ही आहेत आणि "चष्म्याची" पण, म्हणून प्रूफ आलं की आधी हे तीन शब्द बघ. मग पहिली वेलांटी बघ, ती अक्षराच्या पुढे सरकलेली असते कधीकधी. प्रूफ पीडीएफमध्ये माग, मोबाइलच्या स्क्रीनवर वाचून ओके म्हणू नकोस, कागदावर काढ आणि घरातल्या अशा माणसाला वाचायला दे ज्याला ओळी पाठ नाहीत, कारण तुला पाठ असल्याने तुझा डोळा चुकलेलं दुरुस्त करूनच वाचेल. तारखा आणि वय मात्र तूच आधार कार्डावरून नाही तर घरातल्या मोठ्यांना विचारून पक्कं कर, त्या पिढीच्या कागदांवरची जन्मतारीख पुष्कळदा शाळेत मास्तरांनी अंदाजाने घातलेली असते.

फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवलास तर तो आकसतो आणि छापल्यावर धुरकट दिसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठव. पाच इंच रुंद छापायचा असेल तर रुंदीला निदान पंधराशे पिक्सेल लागतात. तो पासपोर्ट फोटोतला गंभीर चेहरा नको, तुझ्याकडे अंगणातला एक आहे ना, तो दे.

नावाच्या आधी "कै." लावायचं की "गं. भा." हे छापखान्याला ठरवू देऊ नकोस, आईला आणि आत्याला विचार. आजीला स्वतःला "गं. भा." लिहिलेलं आवडत नव्हतं असं मला एकदा तुझ्या आईने सांगितलं होतं.

कडवी बुधवारपर्यंत पाठव, रात्री उशीर झाला तरी चालेल, मी जागी आहे.

येते.

तुझी मावशी