एनपीएसमधून निवृत्त होताना पत्र कुणाला आणि त्यात काय लिहायचं?

प्रश्न: मी येत्या काही महिन्यांत ६० पूर्ण होऊन केंद्र सरकारच्या मुंबईतल्या ऑफिसातून निवृत्त होतोय. एनपीएसमध्येच आहे, यूपीएस घेतली नाही. खात्यात साधारण ४० लाख आहेत. पत्नी ५६ वर्षांची, तिला पगार-पेन्शन काही नाही. किती रक्कम एकरकमी हवी आणि किती अ‍ॅन्युइटीत टाकायची, हे पेन्शन फंड मॅनेजरला पत्राने कळवायचं आहे. काय लिहू? सगळेच अ‍ॅन्युइटीत टाकले तर?

उत्तर: पेन्शन फंड मॅनेजरला पत्र लिहू नका, ते वाया जाईल. त्याचं काम तुमचे पैसे गुंतवण्यापुरतं. तुमचं खातं सांभाळते ती सीआरए, म्हणजे नोंदी ठेवणारी एजन्सी, आणि तुमचा अर्ज तिच्याकडे जातो तो ऑफिसच्या डीडीओमार्फत, म्हणजे पगारबिलं काढणाऱ्या अधिकाऱ्यामार्फत, पुढे पे अँड अकाउंट्सच्या मंजुरीनंतर. महिन्याची रक्कम, म्हणजेच अ‍ॅन्युइटी, देणारी तिसरीच संस्था असते, एक आयुर्विमा कंपनी. तिची निवड अर्जात तुम्हीच करायची. तेव्हा पत्र डीडीओला, आणि सीआरएच्या साइटवर प्रान, म्हणजे तुमच्या एनपीएस खात्याच्या नंबरने लॉगिन करून अर्ज, असा रस्ता आहे.

मी नोकरीची शेवटची काही वर्षं अकाउंट्स सेक्शनला हेच अर्ज तपासत होतो. माणसं ४० टक्के की ६० टक्के यावर महिनाभर घोळ घालतात आणि अ‍ॅन्युइटीचा प्रकार मात्र दोन मिनिटांत टिक करून टाकतात. खरं उलट हवं.

वाटणीचं आधी सांगतो. सरकारी कर्मचाऱ्याला किमान ४० टक्क्यांची अ‍ॅन्युइटी घ्यावीच लागते, म्हणजे तुमचे १६ लाख तिकडे जाणारच. उरलेले २४ लाख एकरकमी घेतले तर त्यावर कर नाही. हेही अ‍ॅन्युइटीत टाकावेत का? माझं मत, नको. समजा विमा कंपनीने साडेसहा टक्के दर दिला, तर २४ लाखांचे महिन्याला १३,००० येतील आणि मुद्दल कायमचं अडकेल. तेच २४ लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवलेत तर ८.२ टक्क्यांनी दर तीन महिन्यांना ४९,२०० येतात, म्हणजे महिन्याचे १६,४००. मर्यादा ३० लाखांची आहे, तुम्ही त्यात बसता. खातं उघडताना पत्नीला जॉइंट होल्डर करा. जोडीदाराला वयाची अट नाही, आणि तुमच्या मागे, त्या वेळी योजनेच्या पात्रतेत बसत असेल तर, ती ते खातं चालू ठेवू शकते.

यात एक उणीव आहे, ती मनात धरून ठेवा. पोस्टाचा दर पाच वर्षांपुरता पक्का असतो. पुढच्या मुदतवाढीला त्या वेळी जो दर असेल तो. अ‍ॅन्युइटीचा दर मात्र शेवटच्या श्वासापर्यंत तोच. म्हणून १६ लाखांचा तो भाग मला ओझं वाटत नाही, दर कितीही पडले तरी तेवढे पैसे दर महिन्याला येणारच. पण तो आकडा वाढतही नाही. महागाई सहा टक्के धरली तर १६ लाखांवर साडेसहा टक्क्यांनी महिन्याला येणाऱ्या ८,६६७ रुपयांची किंमत पंधरा वर्षांनी साडेतीन हजारांच्या थोडी वर राहते, आणि तोवर सोसायटीचा मेन्टेनन्स कुठे गेला असेल ते तुम्हीच बघा. वाढत्या खर्चाला तोंड द्यायला काहीतरी हाताशी मोकळं हवं, म्हणून २४ लाख बाहेर ठेवा म्हणतो. ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसे याशिवाय मिळतील, अडीअडचणीला ते राहू द्यात.

आता अ‍ॅन्युइटीचा प्रकार. १६ लाखांवर, केवळ हिशेबासाठी दर धरतो. फक्त तुमच्या हयातीपर्यंत आणि मुद्दल परत नाही, या प्रकाराला ८ टक्के धरले तर महिन्याला १०,६६७. तुमच्यानंतर पत्नीला पूर्ण रक्कम आणि दोघांनंतर मुद्दल वारसाला, याला साडेसहा टक्के धरले तर ८,६६७. दोन हजारांचा फरक. स्क्रीनवर सगळ्यात मोठा आकडा पहिल्या प्रकारासमोर दिसतो आणि हात तिकडेच जातो.

आमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने तोच घेतला होता. चौदा महिन्यांनी ते गेले. वहिनी ऑफिसात आल्या, हातात पॉलिसीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला. मला विचारलं, पुढच्या महिन्यापासून माझ्या खात्यात येतील ना? मी तो कागद तीनदा वाचला. जोडीदाराच्या रकान्यात एक आडवी रेघ होती. काही येणार नव्हतं, मुद्दलही नाही. अर्ज माझ्याच टेबलावरून गेला होता. रेघ मला दिसली होती आणि मी विचारलं नव्हतं.

त्यामुळे पत्नीला १०० टक्के चालू राहील असाच प्रकार घ्या, यावर मी तडजोड सांगणार नाही. त्या तुमच्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहेत, त्यांना ही रक्कम तुमच्याहून जास्त वर्षं लागू शकते. मुद्दल परत हवं की नको, हा प्रश्न खरोखर तुमचा. मुलं मार्गी लागली असतील आणि महिन्याची ओढाताण असेल, तर मुद्दल सोडून जोडीदारासहचा प्रकार घेता येतो, रक्कम या दोन आकड्यांच्या मधली मिळते. पंचवीस वर्षांनी वारसाच्या हाती पडणाऱ्या १६ लाखांची किंमत, त्याच सहा टक्क्यांनी, आजच्या पावणेचार लाखांच्या आसपास असेल. एवढ्यासाठी दरमहा किती सोडायचं, ते दोघांनी बसून ठरवा. सीआरएच्या साइटवर अ‍ॅन्युइटी कॅल्क्युलेटर आहे, त्यात दोघांच्या खऱ्या जन्मतारखा घालून सगळ्या कंपन्यांचे आकडे एकाच प्रकारासाठी पाहा.

कराची चिंता नको. अ‍ॅन्युइटी आणि पोस्टाचं व्याज दोन्ही करपात्र आहे, पण नव्या पद्धतीत तुमचं एवढं उत्पन्न सवलतीत बसून कर शून्य येतो.

अर्ज अडकतो तो बहुतेक नावापायी. बँक खातं तपासायला एक रुपया पाठवतात, आणि प्रानवरचं नाव पासबुकावरच्या नावाशी जुळलं नाही की अर्ज परत. आपल्याकडे एकीकडे वडिलांच्या नावासकट, दुसरीकडे नुसती आद्याक्षरं, हे घरोघरी असतं. पत्नीचं आधार सासरच्या नावाने आणि पॅन माहेरच्या, असं असेल तर तेही आधी सरळ करून घ्या.

पत्र असं लिहा:

*"मा. आहरण व संवितरण अधिकारी, मी दिनांक … रोजी नियत वयोमानानुसार निवृत्त होत आहे. माझा प्रान … आहे. जमा रकमेपैकी ६० टक्के एकरकमी मिळावी व ४० टक्क्यांची अ‍ॅन्युइटी … या कंपनीकडून घ्यावी. प्रकार: माझ्या हयातीत मला, माझ्यानंतर पत्नी … (जन्मतारीख …) यांना १०० टक्के, व दोघांनंतर खरेदी रक्कम वारसास परत. सीआरएवर केलेल्या अर्जातील निवड हीच आहे. कृपया पडताळून पुढे पाठवावा व पोच द्यावी."*

पोच नक्की घ्या. पॉलिसी आली की पहिल्याच दिवशी पत्नीचं नाव, तिची जन्मतारीख आणि प्रकार, एवढं पत्राशी ताडून पाहा. चूक निघाली तर ३० दिवसांच्या फ्री-लूक मुदतीत कंपनीला लेखी कळवायचं. त्यानंतर प्रकार बदलत नाही.