चौकीवरूनच परत पाठवलं, तर कलम ३३ चा भंग कसा मांडायचा?

प्रश्न: पुण्यात लॉच्या चौथ्या वर्षाला आहे. मूटच्या, म्हणजे सराव-खटल्याच्या प्रॉब्लेममध्ये १७ जण पूल ओलांडून सीमा चौकीवर येतात आणि सांगतात, ‘आमच्या माणसांना रात्री उचलून नेतात.’ पलीकडचा देश त्यांचा नाही, तिथून फक्त वाट काढत आलेत. अधिकारी २० मिनिटांत ‘कामाच्या शोधात आलेले, परत पाठवले’ अशी नोंद करून सगळ्यांना माघारी धाडतो. देशानं १९५१ चा निर्वासित करार मान्य केलाय. पण हे लोक देशात शिरलेच नव्हते, ‘आश्रय’ हा शब्द कोणी काढला नाही, आणि त्यातला एक माजी सैनिक आहे. त्या कराराच्या कलम ३३ मधल्या नॉन-रिफाउलमेंटचा, म्हणजे जिवाला धोका असेल तिथे परत न पाठवण्याच्या तत्त्वाचा, भंग कसा सिद्ध करायचा?

उत्तर:

हे १७ जण निर्वासित आहेत हे सिद्ध करायच्या मागे लागू नका. बहुतेक टीम तिथेच वेळ घालवतात आणि पुराव्याअभावी अडकतात. तुमचा मुद्दा त्याच्या एक पायरी आधीचा आहे: परत पाठवल्यावर काय होईल हे न तपासता अधिकाऱ्यानं त्यांना परत पाठवलं. निर्वासित दर्जा सरकारच्या शिक्क्यानं मिळत नाही. व्याख्येत बसणारा माणूस आधीच निर्वासित असतो, सरकार ते फक्त मान्य करतं. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाच्या हँडबुकचा परिच्छेद २८ नेमकं हेच सांगतो. म्हणजे चौकशीआधी समोरचा माणूस निर्वासित असू शकतो, आणि तो नाही याची खात्री न करता त्याला माघारी धाडणं हा धोका सरकारनं पत्करलेला असतो. तुमची मांडणी इथून सुरू करा.

आता ‘शिरलेच नव्हते’ हा आक्षेप. आधी प्रॉब्लेमला नकाशा जोडलेला असेल तर तो बघा. सीमारेषा पुलाच्या मध्यावर आणि चौकी अलीकडच्या टोकाला असेल, तर चौकीवर उभा माणूस भूगोलाच्या हिशेबानं तुमच्या देशातच उभा आहे. पासपोर्टवर शिक्का बसला नाही म्हणजे कायद्यानं प्रवेश झाला नाही, एवढंच. ही दोन ‘प्रवेश’ वेगळी आहेत आणि प्रतिवादी पक्ष ती मुद्दाम एकत्र कालवतो. शिवाय कलम ३३(१) मध्ये प्रवेशाची अटच नाही. जिथे जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात येईल अशा प्रदेशाच्या सीमेकडे ‘कोणत्याही रीतीने’ परत पाठवायचं नाही, असं ते म्हणतं.

समोरचे इथे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९३ चा सेल विरुद्ध हेशियन सेंटर्स कौन्सिल हा निकाल काढतील. हैतीहून निघालेल्या बोटी भर समुद्रात अडवून माघारी नेल्या तरी कलम ३३ लागू होत नाही, असं आठ विरुद्ध एक मतांनी ठरलं होतं. त्याला घाबरायचं कारण नाही. त्याच निकालात कलम ३३ मधल्या ‘रिफुले’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ लावताना न्यायालयानं तो सीमेवर रोखणं, मागे रेटणं या अर्थाकडे नेला आहे. तुमच्या प्रॉब्लेममध्ये अधिकाऱ्यानं तेच केलंय. समोरच्याचा निकाल समोरच्यालाच वाचून दाखवा, खंडपीठ जागं होतं. ब्रिटनचं प्राग विमानतळ प्रकरण (२००४) आलं तर उत्तर आणखी सोपं: तिथे ब्रिटिश अधिकाऱ्यांनी अडवलेले रोमा प्रवासी अजून स्वतःच्याच देशात होते, आणि करारातला निर्वासित हा स्वतःच्या देशाबाहेर असावा लागतो. तुमचे १७ जण स्वतःचा देश सोडून, मधला देश ओलांडून आलेत.

‘आश्रय’ हा शब्द न उच्चारण्याचं प्रकरण २०१२ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या ग्रँड चेंबरनं हिर्सी जमा विरुद्ध इटली या खटल्यात निकाली काढलं. २००९ मध्ये इटलीच्या जहाजांनी समुद्रातून उचललेल्या सुमारे २०० जणांना थेट लिबियात नेऊन उतरवलं होतं. त्यांनी आश्रय मागितलाच नाही, हा इटलीचा बचाव चालला नाही. तिथली परिस्थिती सरकारला माहीत होती किंवा माहीत असायला हवी होती, म्हणून मागणीची वाट न पाहता धोका तपासायला हवा होता, असं न्यायालय म्हणालं. तुमच्या बाबतीत तर लोक बोललेत. ‘रात्री उचलून नेतात’ हे वाक्य घ्या आणि त्याला पाच कारणांपैकी एक तरी जोडा: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट, राजकीय मत. कोणाला उचलतात? एकाच जमातीच्या लोकांना? विरोधी पक्षाच्या कार्यकर्त्यांना? प्रॉब्लेममध्ये याचा धागा असतोच, बहुधा पार्श्वभूमीच्या एखाद्या कंटाळवाण्या परिच्छेदात दडवलेला. धागा नसेल तर प्रामाणिकपणे म्हणा की ‘कोणाला आणि का’ हे विचारणं अधिकाऱ्याचं काम होतं आणि त्यानं विचारलं नाही. तथ्य शोधण्याची जबाबदारी अर्जदार आणि तपासणारा या दोघांची असते, हे हँडबुकच्या परिच्छेद १९६ मध्ये आहे.

आता ती नोंद. सगळा खटला तिच्यावर फिरतो, म्हणून इथे जास्त वेळ द्या. १७ माणसं आणि २० मिनिटं म्हणजे माणशी जेमतेम ७० सेकंद. त्यात नाव विचारायचं, कागद बघायचे, दुभाषा असेल तर प्रत्येक वाक्य दोनदा व्हायचं. एवढ्या वेळात ‘परत गेलात तर काय होईल?’ हा प्रश्न विचारून उत्तर ऐकून घेणं शक्यच नाही. मग नोंद नीट वाचा: १७ जणांना मिळून एकच वाक्य आहे का, दुभाष्याचं नाव आहे का, कोणाची सही किंवा अंगठा आहे का, आणि रात्री उचलून नेण्याचा उल्लेख आहे का. आपल्याकडे चौकीवर कोणी तक्रार घेऊन गेलं की ‘एन.सी.’ करून वाटेला लावतात, आणि पुढे कागदावर फक्त तेवढंच उरतं. तसंच हे. नोंदीत छळाचा शब्द नाही यावरून छळ सांगितला गेला नाही, असा निष्कर्ष निघत नाही. न ऐकणाऱ्यानंच लिहिलेली ती नोंद आहे.

याला आधार म्हणून एम. के. आणि इतर विरुद्ध पोलंड (जुलै २०२०) शेवटपर्यंत वाचा, तुमच्या प्रॉब्लेमचा हा जुळा भाऊच आहे. बेलारूसमधून आलेले चेचेन लोक तेरेस्पोलच्या अधिकृत चौकीवर पुन्हा पुन्हा येत होते आणि रशियात परत गेलो तर छळ होईल, असं सांगत होते. पोलंडच्या सीमा रक्षकांच्या टिपणांत मात्र त्यांची कारणं आर्थिक किंवा खासगी असल्याचं लिहिलेलं होतं. न्यायालयानं टिपणांवर डोळे मिटून विश्वास ठेवला नाही. पोलंडच्याच मानवाधिकार आयुक्तांच्या अहवालांसकट स्वतंत्र पुरावा बघितला आणि सरकारविरुद्ध निकाल दिला.

पलीकडचा देश त्यांचा स्वतःचा नाही, हा मुद्दाही तेरेस्पोलनंच सुटतो. बेलारूसमध्ये त्यांना थेट धोका नसला, तरी तिथून पुढे रशियात ढकललं जाण्याची भीती होती, आणि ही साखळी तपासल्याशिवाय पाठवता येत नाही. २०१९ च्या इलियास आणि अहमद विरुद्ध हंगेरीमध्येही तेच: तिसऱ्या देशात पाठवणार असाल तर तिथे माणसाला आश्रयाची खरी प्रक्रिया मिळते का, हे पाठवणाऱ्यानं आधी बघायचं. ‘शेजारी सुरक्षित आहे’ हे गृहीत धरणं म्हणजे तपासणं नव्हे.

माजी सैनिकाला सतरांपासून वेगळा काढा, नाहीतर समोरचे त्याच्या आडून सगळ्यांना बाद करतील. कलम ३३(२) चा अपवाद दोनच बाबतींत लागतो: देशाच्या सुरक्षेला धोका मानण्यास वाजवी कारण असणं, किंवा विशेष गंभीर गुन्ह्यात अंतिम दोषसिद्धी होऊन तो माणूस समाजाला धोका ठरणं. दोन्ही ठरवायचं ते त्या एका माणसाबद्दल. केवळ फौजेत होता यानं काही सिद्ध होत नाही. उलट पळून आलेला सैनिक छळाचं पहिलं लक्ष्य असू शकतो. उरलेल्या १६ जणांना हा अपवाद शिवतही नाही. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: परिस्थिती बघून अख्ख्या गटाला निर्वासित मानून आत घेता येतं, पण अख्ख्या गटाला एकदम नाकारता येत नाही.

समोरच्यांचं सर्वांत धारदार शस्त्र म्हणजे एन. डी. आणि एन. टी. विरुद्ध स्पेन (२०२०). उत्तर आफ्रिकेतल्या मेलिया या स्पॅनिश शहराचं कुंपण गर्दीनं चढून आलेल्यांना तिथल्या तिथे परत ढकललं, तरी स्पेन सुटला, कारण आत यायचे कायदेशीर मार्ग उपलब्ध असताना त्यांनी स्वतःच्या वागण्यानं ते टाळले, असं न्यायालयानं म्हटलं. तुमचे लोक अधिकृत चौकीवर आले, फरक तेवढाच आणि पुरेसा. मात्र एक सावधगिरी: सामूहिक हकालपट्टीवरची बंदी हा युरोपीय मानवाधिकार कराराच्या चौथ्या प्रोटोकॉलचा भाग आहे, १९५१ च्या करारात ती नाही. तुमचा देश युरोपातला नसेल तर हे सगळे निकाल फक्त पटवून देण्यापुरते आहेत. ते बंधनकारक असल्यासारखे मांडलेत की परीक्षक पहिला प्रश्न तिथेच टाकतो.

आणि पुण्यातल्या खंडपीठाचा ठरलेला गुगली: ‘भारतानं करारावर सहीच केलेली नाही, मग?’ प्रॉब्लेममधल्या देशानं करार मान्य केलाय, म्हणून उत्तर थोडक्यात द्या. भारतात हा दावा संविधानाच्या कलम २१ मधून, म्हणजे जगण्याच्या हक्कातून येतो. गुजरात उच्च न्यायालयानं अल कुतैफी प्रकरणात (१९९८) आणि मणिपूर उच्च न्यायालयानं म्यानमारच्या सात जणांच्या बाबतीत (मे २०२१) नॉन-रिफाउलमेंट त्यात वाचलं. पण सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या सलीमुल्ला प्रकरणात हद्दपार न होण्याचा हक्क भारतात कुठेही राहण्याच्या हक्काला, म्हणजे कलम १९(१)(ई) ला जोडून तो फक्त नागरिकांचा ठरवला, आणि ठरलेली प्रक्रिया पाळल्याशिवाय पाठवू नका, एवढंच संरक्षण दिलं. हा निकाल लपवू नका, तो तुमच्या तोंडून आधी आलेला बरा.

शेवटी मागणी काय करायची. ‘आश्रय द्या’ असं लिहू नका, कारण कलम ३३ तेवढं देत नाही. भंग झाल्याची घोषणा मागा. त्या १७ जणांपैकी जे पुन्हा चौकीवर येतील त्यांना आत घेऊन, दुभाष्यासह, एकेकट्याची चौकशी आणि निर्णय होईपर्यंत परत न पाठवण्याचा आदेश मागा. आणि पलीकडच्या देशानं त्यांना मूळ देशात धाडू नये यासाठी सरकारनं त्या देशाकडून हमी मिळवण्याचा प्रयत्न करावा, असंही मागा. हिर्सीमध्ये इटलीला लिबियाकडून अशीच हमी मिळवायला सांगितलं होतं.